फराळाच्या ताटातली चिठ्ठी

वसुबारसेच्या आदल्या दिवशी समोरच्या घरापुढे टेम्पो थांबला आणि दुपारभर जिन्यातून खोकी वर जात राहिली, असे दृश्य आपणही कधी ना कधी पाहिले असेल. भाडेकरार संपतात, बदल्या होतात, शाळेचे सत्र बदलते, आणि नेमक्या दिवाळीच्या तोंडावर कुणाच्या तरी संसाराची बांधाबांध होते. अशा घरात त्या वर्षी फराळ होत नाही. गॅसची जोडणी व्हायची असते, कढई कोणत्या खोक्यात आहे ते ठाऊक नसते, सोऱ्या तर हमखास शेवटच्या खोक्यातच निघतो. मग शेजारच्या घरातून ताट जाते. त्यावर विणलेला रुमाल असतो, आणि हल्ली बहुतेकजणी सोबत एक चिठ्ठीही ठेवतात : ‘नवीन घरात आपले स्वागत. दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.’

या लेखात त्या चिठ्ठीविषयीच बोलायचे आहे. ताटात काय द्यावे हे आपल्याला कुणी शिकवण्याची गरज नाही. चिठ्ठीत काय असावे याचा मात्र आपण फारसा विचार करीत नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही केला नव्हता.

त्या वर्षी आमच्या समोर इंदूरहून एक मराठी कुटुंब राहावयास आले. आई, वडील आणि आठ वर्षांचा मुलगा. धनत्रयोदशीला संध्याकाळी मी ताट पाठवले. त्यात बेसनाचे लाडू, चकल्या, पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळे आणि करंज्या होत्या. माझ्या सासूबाईंना मधुमेह होता. बाहेरून आलेल्या प्रत्येक पदार्थात काय आहे ते त्या विचारीत असत, त्यामुळे मला स्वतःच्या चिठ्ठीत दोन ओळी अधिक लिहिण्याची सवय लागली होती. शुभेच्छांखाली मी लिहिले : ‘शंकरपाळे व करंज्या मैद्याच्या आहेत. चिवड्यात शेंगदाणे व काजू आहेत. घरात कुणास काही पथ्य असल्यास संकोच न करता कळवावे.’ खाली माझा दूरध्वनी क्रमांक लिहिला.

रात्री नऊच्या सुमारास मुलाची आई दारात आली. हातात चिठ्ठी होती, चेहऱ्यावर अपराधी भाव. म्हणाली, “काकू, राग मानू नका. चिठ्ठी वाचली म्हणून विचारायला आले. चकलीची भाजणी कुठे दळली? आणि हिंग कोणता वापरता?”

फराळाविषयी इतका अचूक प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता.

मुलाला सिलिअ‍ॅक हा आजार होता. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिने असतात. कणकेला जो चिवटपणा येतो तो त्यांच्यामुळेच. सिलिअ‍ॅक असलेल्या व्यक्तीच्या पोटात ग्लुटेन गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूस अन्नरस शोषून घेणारे बारीक अंकुर असतात, ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेले अंगी लागत नाही : मुलाची वाढ खुंटते, रक्तक्षय होतो, पोट फुगते, जुलाब होतात. काहींना यांपैकी काहीच जाणवत नाही, तरी आत झीज चालूच राहते. यावर उपाय एकच, ग्लुटेन जन्मभर पूर्णपणे वर्ज्य करणे. गव्हाची अ‍ॅलर्जी हा याहून वेगळा प्रकार आहे. तिच्यात अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास कोंडणे अशी लक्षणे सहसा खाल्ल्यावर काही मिनिटांत वा थोड्या तासांत दिसतात, आणि श्वासाला त्रास होऊ लागला तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे लागते.

‘पूर्णपणे’ म्हणजे किती, हे मला त्या रात्री समजले. ज्या खाद्यपदार्थाच्या एका किलोत 20 मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन नसेल, त्यालाच वेष्टनावर ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणता येते. एक ग्रॅम मैद्यात साधारण 80 मिलिग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे किलोभर भाजणीत एक ग्रॅम मैदा मिसळला, तरी मर्यादेच्या चौपट ग्लुटेन झाले. आपल्या स्वयंपाकघरात एक ग्रॅम पीठ म्हणजे ओट्यावरून फडक्याने पुसून टाकतो तेवढे.

आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि ताटातला एकेक पदार्थ घेतला. शंकरपाळे आणि करंज्या बाजूला काढण्याचा प्रश्नच नव्हता, चिठ्ठीतच तसे लिहिले होते. उरले लाडू, चकल्या आणि चिवडा. तिन्हींत गहू नाही, असे मी छातीठोकपणे सांगितले असते.

चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभऱ्याची डाळ, मुगाची डाळ, उडदाची डाळ, धने आणि जिरे. काही घरी मूठभर गहूही घालतात, आम्ही घालीत नाही. पण भाजणी दळली गिरणीत. आपण गिरणीत गेलो की गिरणीवाला विचारतो, “कशावर दळू?” आधीच्या दळणाचे पीठ जात्याच्या पाळ्यांत आणि पिठाच्या तोंडाशी अडकून राहते, आणि पुढच्या दळणात उतरते, हे तोही जाणतो आणि आपणही जाणतो. म्हणून तर आपण ज्वारीवर ज्वारी आणि डाळीवर डाळ दळून घेण्याचा आग्रह धरतो. दिवाळीपूर्वी गिरणीत भाजणीची रांग लागते हे खरे, पण माझ्या भाजणीआधी कुणाची कणीक दळली गेली की नाही, हे मी सांगू शकले नाही. पाठीमागे उभ्या असलेल्या बाईंच्या डब्यात गहू होते, एवढे मात्र आठवले.

चिवड्याचे पोहे तांदळाचे, मीठ, साखर, हळद, कढीपत्ता, मिरची. यांत काय असणार? पण शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप मी ज्या तेलात तळले, त्याच तेलात आदल्या दिवशी शंकरपाळे तळले होते. तेल गाळून घेतले होते, तरी तळाशी बसलेला मैद्याचा बारीक चुरा साध्या गाळणीत अडकत नाही, आणि तळण्याच्या उष्णतेने ग्लुटेन नाहीसेही होत नाही. शिवाय फोडणीत हिंग होता. शुद्ध हिंग हा एका वनस्पतीच्या मुळाचा वाळलेला चीक. तो इतका उग्र असतो की तसाच वापरणे कठीण, म्हणून बाजारात डबीत मिळणाऱ्या हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेले असते. पुष्कळदा ते पीठ गव्हाचे असते, काही उत्पादक तांदळाचे वापरतात. मी माझी डबी आणून चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचली. ‘गव्हाचे पीठ’ असे स्पष्ट लिहिले होते. तीस वर्षे मी हिंग वापरते आहे, डबीची मागची बाजू त्या रात्री प्रथम वाचली.

लाडूंची कथा सर्वांत छोटी. बेसन पाकिटातले होते, पण लाडू रवाळ व्हावेत म्हणून मी त्यात दोन चमचे बारीक रवा भाजून घातला होता. आईने शिकवलेली युक्ती. ती इतकी हातात बसली आहे की रवा ‘घातला’ असे माझ्या ध्यानातही नव्हते. अर्धा तास बोलणे झाल्यावर एकदम आठवले.

पाच पदार्थांपैकी पाचही त्या मुलाला चालणारे नव्हते. आणि माझ्या चिठ्ठीत मैद्याचा उल्लेख फक्त दोघांपुढे होता. म्हणजे नकळत मी असे सुचवले होते की उरलेले तीन निर्धोक आहेत. ती आई जाणती होती म्हणून चिठ्ठी घेऊन विचारायला आली. आदल्या दिवाळीत इंदुरात एका नातेवाईकाकडे ‘चकलीत कुठे गहू असतो?’ या खात्रीवर त्याने दोन चकल्या खाल्ल्या होत्या आणि सगळी सुटी अंथरुणात काढली होती, असे तिने सांगितले.

यातून मी माझ्या चिठ्ठीत जे बदल केले ते आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट, ‘यात अमुक नाही’ असे लिहू नये. ‘यात अमुक आहे’ एवढेच लिहावे, आणि तेही सगळे. नसण्याची हमी आपल्या स्वयंपाकघराला देता येत नाही. असण्याची यादी मात्र देता येते. यादी लिहिताना पदार्थाचे नाव पुरेसे नसते, कारण एकाच नावाचा पदार्थ प्रत्येक घरी निराळा होतो. कुणाच्या अनारशाला खसखस लागते, कुणी साखर लावतात. कुणाच्या चिवड्यात तीळ असतात. शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ, दूध-खवा आणि गहू या पाच गोष्टी कोणत्या पदार्थात आहेत, एवढे निश्चित लिहावे. अ‍ॅलर्जी असलेल्या घरात नजर प्रथम यांच्याकडेच जाते. कांदा-लसूण असल्यास तेही लिहावे, जैन कुटुंबाला आणि व्रतस्थ माणसाला त्याचा उपयोग होतो. यादी लिहिण्याची वेळ कोणती, तेही सांगते : पदार्थ करताना, ओट्याशी, कागद भिंतीला लावून. ताट भरताना आठवून लिहिले की रवा राहून जातो.

दुसरी गोष्ट, सामायिक वस्तू लिहाव्यात. ‘सर्व पदार्थ एकाच तेलात तळले आहेत. भाजणी गिरणीत दळली आहे. हिंगात गव्हाचे पीठ आहे.’ ही तीन वाक्ये ज्याला गरज नाही तो वाचून सोडून देईल. ज्याला आहे, त्याला विचारण्याचा संकोच वाचेल. ‘गहू बाजूला काढून खा’ हा सल्ला मात्र कधी देऊ नये. करंजीतले सारण काढून खाल्ले, तरी मैद्याची पारी सारणाला लागलेली असते.

तिसरी गोष्ट पथ्याच्या ओळीची. आपल्या भाषेत ‘पथ्य’ हा फार सोयीचा शब्द आहे. आजार, व्रत, धर्म, वैद्यांचा सल्ला, नुसती आवडनिवड, सगळे त्यात मावते, आणि कारण सांगण्याची सक्ती होत नाही. नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत ‘घरी कुणाला मधुमेह आहे का?’ असे विचारणे बरे नव्हे. ‘पथ्य असल्यास कळवावे’ म्हटले की ज्याला सांगायचे तो सांगतो. पण कळवावे कसे, हे न लिहिल्यास ती ओळ केवळ शिष्टाचार ठरते. क्रमांक द्यावा. नवख्या घराला शेजारची घंटा वाजवण्यापेक्षा दोन ओळींचा संदेश पाठवणे सोपे जाते.

मधुमेहाबाबत एक अनुभवाची गोष्ट. गुळाचे लाडू करून ‘हे चालतील’ असे लिहून पाठवणारे मी पाहिले आहेत. गूळ आणि साखर दोन्हींनी रक्तातली साखर वाढतेच. ‘गुळाचे आहेत’ एवढे लिहावे, चालतील की नाही ते खाणाऱ्याने आणि त्याच्या डॉक्टरांनी ठरवावे. लाडू लहान वळावेत, हे मात्र आपल्या हातात आहे. सासूबाईंसाठी मी लिंबाएवढे वळत असे, आणि ती सवय मी आजही मोडलेली नाही.

मग तारखेचे. चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू कोरडे ठेवले की पंधरा दिवस सहज राहतात. खवटपणा आला की वासाने कळते. ओल्या नारळाची करंजी, खव्याचा पेढा, बासुंदी यांचे तसे नाही. ते वास येण्याआधीच बिघडलेले असू शकतात. सामान लावण्याच्या गडबडीत असलेल्या घरात ताट दोन दिवस ओट्यावर तसेच पडते, आणि त्यांचा फ्रिज अजून सुरू झालेला नसतो, ही शक्यता धरावी. म्हणून अशा घरी पहिल्या ताटात दुधाचे काही पाठवू नये, असे माझे मत आहे. विकतची मिठाई असेल तर दुकानात ट्रेसमोर लावलेली ‘अमुक तारखेपूर्वी वापरावे’ ही पाटी पाहून ती तारीख चिठ्ठीवर उतरवून घ्यावी. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईसाठीही ती पाटी दुकानदाराला बंधनकारक करण्यात आली होती.

ताट कधी आणि कुणाच्या हाती द्यावे, हेही बोलायला हवे. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले की मुले थेट फराळावर येतात. घरातले मोठे अजून उटणे धुवीत असतात, चिठ्ठी कोण वाचणार? म्हणून ताट धनत्रयोदशीच्या संध्याकाळपर्यंत पोहोचवावे, दार उघडणाऱ्या लहान मुलाच्या हाती न देता मोठ्या माणसाला द्यावे, आणि चिठ्ठी रुमालाच्या वर ठेवावी. रुमालाखाली ठेवलेली चिठ्ठी तेलकट होते आणि चिवडा संपल्यावर सापडते.

आणखी एक. रिकामे ताट परत करायचे नाही, हा आपला रिवाज. ज्या घरात अजून गॅस नाही, त्या घरावर याचे किती ओझे होते, हे त्या आईने नंतर हसत सांगितले. मुलाला चालत नाही हे ठाऊक असूनही तिने ताट घेतले होते, आणि आता त्यात काय घालून परत द्यायचे, या काळजीत ती होती. तेव्हापासून मी नव्या घरी ताटाऐवजी डबा पाठवते आणि चिठ्ठीच्या शेवटी लिहिते : ‘डबा सावकाश द्यावा, रिकामाच द्यावा.’

आता त्या मुलाच्या दिवाळीकडे येऊ. मी लगेच म्हणाले, “मी त्याच्यासाठी काहीतरी निराळे करते.” त्याची आई थोडी गप्प झाली. मग म्हणाली, “काकू, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरातले मी त्याला देतच नाही. तुमच्यावर अविश्वास नाही.” मला क्षणभर लागले, हे कबूल करते. पण नुकतीच आम्ही पाच पदार्थांची झडती घेतली होती, तिचे म्हणणे चूक कसे म्हणणार? अशा वेळी आग्रह करू नये. सीताफळे, पेरू, डाळिंबे द्यावीत, ऋतूही त्यांचाच असतो. मीही फळेच देणार होते. तेवढ्यात तीच म्हणाली, “पण तुम्ही करणार असाल तर मी येऊन बघू का?”

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ती आली. आम्ही नारळाच्या वड्या केल्या, कारण त्यांत दळायचे काही नसते आणि तळायचेही काही नसते. आदल्या दिवसापासून मी घरात पीठ मळले नव्हते. ओटा दोनदा पुसला, दुसऱ्यांदा नव्या फडक्याने. लोखंडी कढई आणि लाकडी उलथने दूर ठेवले. लाकडाच्या भेगांत आणि चरे पडलेल्या भांड्यांत पीठ राहते. स्टीलची कढई आणि स्टीलचा डाव घासून घेतला. खोवणीचे दात जुन्या टूथब्रशने साफ केले, ही तिची सूचना. साखर बरणीतली न घेता पाकीट फोडले, कारण बरणीत शिऱ्याचा चमचा केव्हा गेला असेल ते मला सांगता येईना. तुपाचेही तसेच, नवी बाटली उघडली. पोळीला तूप लावलेला चमचा आपण किती वेळा परत तुपात बुडवतो, हे मोजून पाहा. वेलदोडे सोलून जागच्या जागी कुटले.

दोन वाट्या खोवलेला नारळ, दीड वाटी साखर, पाव वाटी दूध. मंद आचेवर सतत हलवीत राहिले की आधी ते सैल होते, मग पंधरा-वीस मिनिटांत कडा सोडून मध्ये गोळा होऊ लागते. डावाला जड लागले आणि कढईच्या कडेला साखरेची पांढरी रेघ दिसली की उतरवायचे. त्याआधी उतरवले तर वड्या पडत नाहीत, फार उशीर केला तर भुगा होतो. तूप लावलेल्या स्टीलच्या ताटात थापून, कोमट असतानाच कापल्या.

या वेळची चिठ्ठी आम्ही दोघींनी मिळून लिहिली : ‘नारळाच्या वड्या. ओला नारळ, साखर, दूध, तूप, वेलदोडे. आज सकाळी केल्या. स्टीलच्या घासलेल्या भांड्यात, नव्या पाकिटांतून. फ्रिजमध्ये ठेवून भाऊबीजेपर्यंत संपवाव्यात. डबा सावकाश द्यावा, रिकामाच द्यावा.’ ती हसली. म्हणाली, “हे मला कशाला? मी तर इथेच होते.” मी म्हटले, “तुझ्यासाठी नाही. वाचता येते ना त्याला?”

भाऊबीजेला दुपारी मुलगा स्वतः डबा घेऊन आला. डबा रिकामा नव्हता, आत एक डाळिंब होते आणि वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी : ‘डाळिंब. यात डाळिंब आहे. झाडाने केले. कधी केले ते माहीत नाही. पथ्य असल्यास कळवावे.’